पोलिसांचं पत्र ते ग्राहकाचा नंबर: पत्ता शोधण्याच्या कामाच्या नोंदी

(नोंदींतले सगळे आयपी पत्ते उदाहरणाचे आहेत, खऱ्या ग्राहकांचे नाहीत. वेळा आणि फरक मात्र मूळ कामातले आहेत.)

९ जून २०२५, सोमवार

सकाळी आमच्या इंटरनेट कंपनीच्या नोडल मॅडमनी, म्हणजे पोलिसांची पत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पत्र पुढे पाठवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागणी आहे: एका सोशल मीडिया खात्यात कुणीतरी परस्पर शिरलं, तिथून ओळखीच्यांकडे पैसे मागितले गेले, आणि त्या लॉगिनचा पत्ता आमच्याकडचा निघाला. पत्रात कामाची ओळ एवढीच:

```
203.0.113.45    2025-05-14 18:42:10
```

पत्र खरं आहे का, हे मॅडम आधी बघतात. मेल सरकारी डोमेनवरून आला असला तरी त्या पत्रातल्या नंबरवर फोन करत नाहीत. ठाण्याचा नंबर वेगळा शोधून त्यावर करतात आणि जावक क्रमांक जुळवतात. आज जुळला. मग फाइल माझ्या टेबलावर.

सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात आमची साधारण चार हजार कनेक्शन्स आहेत आणि सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते मोजून चौसष्ट. म्हणजे एका पत्त्यामागे साठ-पासष्ट घरं. प्रत्येक घराला आत `100.64.` ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो आणि बाहेर जाताना नॅटचा डबा त्याच्यावर सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट नंबर चढवतो. त्यामुळे "हा पत्ता कुणाचा" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नाही. "या सेकंदाला या पत्त्याचं हे पोर्ट कुणाकडे होतं" याला आहे.

पत्रात पोर्ट नाही. आणि वेळ कुठली, हेही नाही.

आजवर अशी पत्रं हाताने शोधायचो. तासातासाच्या झिप केलेल्या फायली, त्यावर `zgrep`, आणि मग चहा पिऊन यायचं. या वेळी ठरवलं की शोध नीट बांधून काढायचा आणि काय काय अडतं ते इथे लिहीत जायचं.

१० जून, मंगळवार

आधी वेळेचं. ही भारतीय वेळ असेल तर १४ मेची संध्याकाळ, पावणेसात वाजताची. यूटीसी असेल तर साडेपाच तास पुढे, म्हणजे तारीखच बदलते:

```
$ TZ=Asia/Kolkata date -d '2025-05-14 18:42:10 UTC'
Thu May 15 00:12:10 IST 2025
```

संध्याकाळचे पावणेसात की मध्यरात्रीचे सव्वाबारा, यावर त्या पत्त्यामागची माणसं पूर्ण वेगळी. परदेशी कंपन्या बहुतेक यूटीसीत देतात, म्हणून "यूटीसीच असणार" असं धरून पुढे जायचा मोह होतो. ठाण्यात कुणी ती ओळ पत्रात उतरवताना आधीच भारतीय वेळेत बदलली असेल तर आपण साडेपाच तास दुसऱ्यांदा मिळवून बसतो. अंदाज करायचा नाही.

आता पोर्ट. नुसती उत्सुकता म्हणून मी दोन्ही वेळा धरून बघितलं. मध्यरात्रीच्या वेळेला, एक मिनिट अलीकडे-पलीकडे, या पत्त्यावरून त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलणारी तेवीस घरं निघाली. संध्याकाळच्या वेळेला एकेचाळीस.

मॅडमना म्हटलं, तेवीस जणांची यादी देऊन टाकू का, त्यांचं ते बघतील.

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "तेवीसपैकी बावीस जणांचा काही संबंध नाही हे आपल्याला आत्ताच माहितीये. पोर्ट मागा. कंपनीकडे नसलं तर नाही म्हणून लेखी येऊ दे, मग बघू."

पोर्ट का येत नाही, त्यालाही कारण आहे. इंटरनेटकडे तोंड असलेल्या सर्व्हरने पत्त्याबरोबर पोर्टही नोंदवावं आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक ठेवावी, अशी शिफारस इंटरनेटच्या आरएफसी ६३०२ या तांत्रिक दस्तऐवजात जून २०११ पासून आहे. पण एनजिनएक्सचा नेहमीचा `combined` लॉग बघा: त्यात `$remote_addr` असतो, `$remote_port` नसतो. तो कुणीतरी मुद्दाम घालावा लागतो. पुढे लोड बॅलन्सर असला तर मागच्या सर्व्हरला ग्राहकाचं मूळ पोर्ट दिसतच नाही. पत्ता तेवढा हेडरमधून पुढे ढकलला जातो. मोठ्या कंपन्या पोर्ट ठेवतात, पण मागणाऱ्याने आवर्जून मागितलं तर हाती लागतं.

उत्तर पाठवलं, तीन गोष्टी मागून: वेळ कुठल्या टाइमझोनची, सोर्स पोर्ट, आणि कंपनीकडून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी.

१३ जून, शुक्रवार

मूळ फाइल आली. त्यात वेळेपुढे स्वच्छ `UTC` लिहिलेलं आणि शेजारच्या रकान्यात पोर्ट, `40817`. पत्र टाइप करताना दोन्ही गळले होते. फोनवरचे हवालदार साहेब म्हणाले, "अहो, तो आकडा कशाचा ते आम्हाला काय माहीत, म्हणून सोडला." त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो रकाना बिनमहत्त्वाचा दिसतो खरा.

म्हणजे शोधायचं ते असं: `203.0.113.45`, पोर्ट `40817`, १५ मे, रात्री १२ वाजून १२ मिनिटं १० सेकंद. एकच ओळ निघायला हवी. निघाल्या या:

```
00:10:31 - 00:11:48   100.64.52.140:51822   203.0.113.45:40817
00:12:24 - 00:13:05   100.64.37.18:49310    203.0.113.45:40817
```

पहिल्या घराला अ म्हणू, दुसऱ्याला ब. अ ने पोर्ट ११:४८ ला सोडलं. ब ला ते १२:२४ ला मिळालं. आणि आपल्याला हवे ते १२:१० मधल्या छत्तीस सेकंदांच्या फटीत. आमच्या नोंदीप्रमाणे त्या क्षणी ते पोर्ट कुणाकडेच नव्हतं.

पण लॉगिन तर झालंय.

दोन्ही ओळींमध्ये समोरचा पत्ता त्याच कंपनीचा. त्यामुळे त्यावरून काही वेगळं करता येत नाही; रात्री सव्वाबारा वाजता निम्मं धायरी तिथेच असतं. अ बावीस सेकंदांनी मागे आहे, ब चौदा सेकंदांनी पुढे. "ब जवळ आहे, ब च असणार" असं मनात आलं हे कबूल करतो. जवळ असणं हा पुरावा नव्हे. कुणाचं तरी घड्याळ चुकतंय. आमचं किंवा त्यांचं.

१४ जून, शनिवार

सुट्टीच्या दिवशी आलो, कारण हे डोक्यातून जाईना.

आधी नॅटच्या डब्यावर वेळ बघितली. हातातल्या फोनपेक्षा मिनिटभर पुढे! वेळ जुळवणारा सर्व्हर म्हणून त्यात आमच्या एका जुन्या मशीनचा पत्ता होता. ते मशीन ३१ मार्चला बंद करून भंगारात दिलं. बाकी सगळी यंत्रं नव्या सर्व्हरकडे वळवली होती, हा डबा राहून गेला. तेव्हापासून तो स्वतःच्या क्वार्ट्झवर चालतोय. सर्व्हर सापडत नाही अशी तक्रार तो रोज करत होता, पण ती ज्या फायलीत जाते ती कुणी उघडत नाही. वळवायचं काम माझ्याकडे होतं. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवा असं स्पष्ट आहे, आणि आमच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूणही होती. खूण यादीवर होती, डब्यावर नव्हती.

आता मुख्य गोष्ट. आजचा फरक ६४ सेकंद निघाला. तो घेऊन त्या रात्रीच्या वेळा दुरुस्त केल्या तर ब ची ओळ होते ११:२० ते १२:०१. तरीही १२:१० बाहेरच. कारण आजचा फरक त्या रात्रीचा नाही. घड्याळ रोज थोडं थोडं पळत होतं. मला १५ मेच्या रात्रीचा फरक हवा होता, आणि गेलेल्या रात्रीचं घड्याळ आता बघता येत नाही.

पण एक साक्षीदार होता. नॅटचा डबा प्रत्येक ओळ सिस्लॉगने वेगळ्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तो सर्व्हर दोन वेळा ठेवू शकतो: डब्याने सांगितलेली, आणि ओळ स्वतःकडे पोचली तेव्हाची. आरसिस्लॉगमध्ये त्यांना `timereported` आणि `timegenerated` म्हणतात. सर्व्हर आणि डबा एकाच खोलीत, त्यामुळे ओळ पोचायला लागतात मिलिसेकंद. या सर्व्हरचं घड्याळ कायम जुळलेलं होतं. त्याच्या नोंदी तपासल्या. म्हणजे दोन वेळांची वजाबाकी हाच डब्याचा त्या क्षणीचा फरक. आम्ही शोधासाठी फक्त पहिली वेळ वापरत होतो. दुसरी ठेवायची ही तीन वर्षांपूर्वी कुणाची तरी सवय होती, ज्याने कुणी ती ठेवली त्याला माझ्यातर्फे मिसळ.

दर रात्री बाराच्या सुमाराच्या हजार ओळींचा मधला फरक काढला. १ एप्रिलला शून्य. मग दिवसाला साधारण ०.८६ सेकंद, जवळजवळ सरळ रेषेत. मे संपताना ५२. आणि १५ मेच्या रात्री सव्वाबारा वाजता ३८ सेकंद, डबा पुढे.

डबा पुढे, म्हणून वजा करायचे:

```
A   00:09:53 - 00:11:10
B   00:11:46 - 00:12:27
```

१२:१० आता ब च्या ओळीत, दोन्ही बाजूंना किमान सतरा सेकंद जागा सोडून.

चिन्ह उलटं धरलं असतं तर? डबा ३८ सेकंद मागे आहे असं समजून मिळवले असते, तर अ ची ओळ ११:०९ ते १२:२६ झाली असती आणि १२:१० तिच्यातही छान बसले असते. तेवढ्याच खात्रीने आम्ही अ चं नाव दिलं असतं. म्हणून चिन्ह दोनदा तपासलं, आणि एकदा मुद्दाम घरी जाऊन, जेवून, परत कागदावर मांडलं.

याहून वाईट गोष्ट रात्री उशिरा लक्षात आली. या वेळी वेळ फटीत पडली म्हणून आम्हाला शंका आली. कंपनीने १२:१० ऐवजी, समजा, ११:४७ दिले असते, तर ते खऱ्या वेळेप्रमाणे ब चे होते. आमच्या चुकीच्या घड्याळात मात्र ११:४७ ला पोर्ट अ कडे होतं. एकच ओळ निघाली असती, स्वच्छ, आणि कुणालाही काही खटकलं नसतं. फट ३६ सेकंदांची आणि चूक ३८ ची, म्हणून हे घडू शकतं. सोडलेलं पोर्ट किमान १२० सेकंद कुणाला देऊ नये अशी आरएफसी ६८८८ ची शिफारस आहे. ती पाळली असती तर ३८ सेकंदांची चूक फार तर फटीत नेऊन सोडते, दुसऱ्याच्या दारात नाही.

अ चं नाव मी उघडून बघितलेलं नाही. गरज नव्हती.

एप्रिलपासून याच डब्यावरून दिलेली मागची तीन उत्तरं पुन्हा तपासायला घेतली.

१७ जून, मंगळवार

मागची तीन उत्तरं बरोबर निघाली. दोन तर अर्धा अर्धा तास चाललेल्या जोडण्या होत्या, त्यांना मिनिटभराचा फरक पडत नाही. तरी मॅडमनी फाइलवर लिहून घेतलं.

आता दुसरा टप्पा: आतला पत्ता `100.64.37.18` त्या रात्री कुणाकडे होता. हे रेडियसच्या, म्हणजे कोण कधी जोडलं आणि कधी तुटलं ते लिहून ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, हिशेबात असतं. ग्राहकाचा राउटर जोडला गेला की Start, दर दहा मिनिटांनी Interim-Update, तुटला की Stop. शोधायचं ते `Framed-IP-Address` वर. माझ्या क्वेरीने दोन नावं दिली.

पहिल्याचं Start १४ मे, रात्री ९:०३:२०. Stop नाहीच. दुसऱ्याचं Start १५ मे, १२:०९:४४. क्वेरीत मी लिहिलं होतं की Stop नसेल तर सत्र चालू समजा. त्यामुळे पहिला माणूस आमच्या लेखी आजही जोडलेला आहे!

Stop हरवणं नवीन नाही. त्या भागात वीज गेली, गल्लीतला स्विच बंद पडला, ब्रास, म्हणजे घराघरांची सत्रं सांभाळून पत्ते वाटणारं आमचं यंत्र, रीस्टार्ट झाला किंवा यूडीपीचं ते पाकीट वाटेत पडलं की Stop येत नाही. अशा वेळी शेवटचं Interim बघायचं. पहिल्याचं शेवटचं होतं ११:५३:२०. पुढचं १२:०३:२० ला यायला हवं होतं, आलं नाही. म्हणजे तो त्या दहा मिनिटांत कधीतरी तुटला. ब्रास एकच पत्ता एका वेळी दोघांना देत नाही, त्यामुळे १२:०९:४४ पासून पत्ता दुसऱ्याचाच. आणि ब ची दुरुस्त ओळ सुरू होते ११:४६ ला...

इथे मी पाच मिनिटं थिजलो. मग लक्षात आलं की मी नॅटच्या ओळी `00:11:46` अशा मिनिट-सेकंदात वाचतोय. ती १२ वाजून ११ मिनिटं ४६ सेकंद. दुसऱ्याचं सत्र सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी. वरच्या सगळ्या नोंदींत मी तास गाळून "११:४८", "१२:१०" असं लिहीत आलोय, तेही आता तसंच राहू दे. पण कामाच्या अर्जात यापुढे तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि टाइमझोन पूर्ण लिहिल्याशिवाय रकाना पुढे सरकणार नाही.

दुसऱ्या सत्रात Interim सकाळपर्यंत सलग आहेत. नाव पक्कं.

२० जून, शुक्रवार

पालखी आज पुण्यात. रस्ते बंद म्हणून निम्मं ऑफिस घरून. मॅडम आणि मी मात्र उत्तर तयार करायला आलो.

कनेक्शन नऱ्ह्यातल्या एका फ्लॅटचं. अर्जावर मालकाचं नाव आहे. राहतात मात्र कॉलेजची आठ मुलं, आणि मालक सातारला. घरातल्या वायफाय राउटरचं स्वतःचं वेगळं नॅट असतं, त्यामागचे फोन आमच्यापर्यंत एकच पत्ता होऊन येतात. त्यामुळे उत्तरात "वापरकर्ता" हा शब्द मॅडमनी खोडला आणि "कनेक्शनधारक" लिहिला. खाली एक ओळ: त्या वेळी प्रत्यक्ष कोणतं उपकरण वापरात होतं, याची नोंद आमच्याकडे नसते. फ्लॅटच्या राउटरमध्ये असेलही, पण तो रीस्टार्ट झाला की सहसा पुसली जाते, आणि त्या रात्रीला आता पाच आठवडे झाले.

सोबत जोडलं ते: नॅटची मूळ ओळ न बदलता, तिची पोचल्याची वेळ, रेडियसच्या ओळी, आणि घड्याळाच्या फरकाचं एक पान. फरक लपवायचा विषयच नव्हता. मूळ ओळीत १२:१२:२४ आणि उत्तरात १२:११:४६ दिसल्यावर कोर्टात पहिला प्रश्न तोच येणार. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, फायलींचे `SHA-256` हॅश त्यात. हॅश फायली बाहेर काढल्या त्याच क्षणी घेतले होते, प्रिंट काढताना नाही.

दुपारी खिडकीतून लांबवर टाळ ऐकू येत होते. मेल तीन वाजता गेला.

२५ जून, बुधवार

शोधाचा नवा कार्यक्रम चालू झाला. दोन वर्षांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, म्हणून सगळं डेटाबेसात कोंबलं नाही. दिवस आणि सार्वजनिक पत्ता यांप्रमाणे फायली वेगळ्या केल्या. पूर्वी एका पत्राला चाळीस मिनिटं जायची, आता बारा सेकंद.

वेग हा मुद्दा नव्हताच पण. महत्त्वाचं हे की कार्यक्रम आता दिलेल्या वेळेच्या आजूबाजूच्या पाच मिनिटांतले त्या पोर्टचे सगळे धनी दाखवतो, नुसतं बसणारं एक नाव नाही. आणि त्या तासाचा घड्याळाचा फरक शेजारी छापतो. दोन सेकंदांच्या वर गेला की ओळ लाल. डब्याची वेळ `samay1.nic.in` आणि `time.nplindia.org` कडे वळवली, सोडलेलं पोर्ट १२० सेकंद रिकामं ठेवायची सेटिंग लावली. पोर्ट कमी पडतील अशी भीती होती. आठवडी गर्दीतही पडली नाहीत.

३० जून, सोमवार

उलटी चाचणी. हेल्पडेस्कच्या पाच पोरांना सांगितलं, घरून आपल्या वायफायवर माझ्या एका टेस्ट सर्व्हरचं पान कधीही उघडा, मला सांगू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये `$remote_port` घातला होता. वीस ओळी जमल्या. मी फक्त त्या ओळी घेऊन ग्राहक शोधायचे, मग पोरांशी जुळवायचे.

सतरा बरोबर. चुकीचं एकही नाही. तीन सापडलेच नाहीत.

त्या तीन ओळी बघितल्या तर पत्ता `2001:db8:` ने सुरू होणारा. फोनने आयपीव्ही६ धरलं होतं. तिथे नॅटच नाही, त्यामुळे नॅटच्या नोंदीत काही असायचं कारण नाही. प्रत्येक घराला स्वतःचा प्रीफिक्स मिळतो आणि पोर्टशिवायही उत्तर निघायला हवं. ते रेडियसच्या `Delegated-IPv6-Prefix` मध्ये येतं. आमचा ब्रास ते पाठवतोही. हिशेबाच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता, त्यामुळे आजवरचं सगळं वाऱ्यावर गेलं.

रकाना संध्याकाळी साडेसहाला घातला. पहिली ओळ ६:४१ ला आली.